नेत्र रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरचे पहिले काही क्षण: आवाज, गती, स्मित आणि नजर

खिडकीपलीकडे (धागाकर्ती)

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी बाह्यरुग्ण विभागाची व्यवस्था पाहते. सकाळी साडेआठपासून केसपेपर काढण्यासाठी रांग लागते आणि रांगेतले बहुतेक जण साठीच्या पुढचे, मोतीबिंदूच्या तपासणीसाठी खेड्यांतून आलेले असतात. गेल्या काही महिन्यांत अभिप्रायाच्या वहीत एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दिसू लागली: "खिडकीवरच्या मुली खेकसतात."

मी खिडकीच्या बाजूला उभी राहून हे सारे पाहिले. मुलींना दिलेल्या सूचनेप्रमाणे त्या प्रत्येकाला "नमस्कार" म्हणतात, उद्धट शब्द एकही वापरत नाहीत, आणि तरीही काही क्षणांतच वातावरण बिघडते. साधारण घडते ते असे. आजोबा खिडकीशी येतात. मुलीची नजर संगणकावर असते, कारण आधीच्या रुग्णाची नोंद अजून जतन होत असते. "नमस्कार, नाव?" हे दोन्ही शब्द ती एका दमात म्हणते. आजोबा काहीच बोलत नाहीत. मग ती मान वर करून मोठ्याने म्हणते, "आजोबा, नाव सांगा!" आजोबा गोंधळून सोबत आलेल्या मुलाकडे पाहतात, उत्तर मुलगा देतो, आणि त्यानंतर ती मुलाशीच बोलू लागते.

आवाजाची पट्टी, बोलण्याची गती, स्मित आणि नजर या चारही गोष्टींबद्दल पुष्कळ सांगितले जाते, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्याला नीट दिसत नाही आणि बहुधा ऐकूही कमी येते अशा माणसाचे स्वागत करताना यांतले आधी काय बदलावे, आणि कोणत्या क्रमाने.

जुना रोखपाल, सोलापूर

ताई, मी बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे उभी हयात घालवली, त्यामुळे आपला प्रश्न मला जवळचा वाटला. आमच्या प्रशिक्षणात एक सूत्र शिकवले होते. समोरच्यावर जो परिणाम होतो त्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक काम चेहरा करतो. मुलींना सतत हसतमुख राहण्याची सवय लावा, बाकीचे आपोआप जुळून येईल. मी स्वतः प्रत्येक ग्राहकाच्या डोळ्यांत पाहूनच नोटा मोजायला घेत असे आणि त्या सवयीमुळे पुढची किरकिर नेहमीच कमी झाली.

श्रवणा

रोखपालकाका, नोटा मोजण्याआधी डोळ्यांत पाहण्याची आपली सवय अगदी योग्य होती आणि तिचे कारण मी खाली मांडते. त्या टक्केवारीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. ती अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आली आहे. ध्वनिमुद्रित केलेले सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवायचे, त्यांतल्या एका प्रयोगात सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखवायची, आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही हे ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगायचे, असे त्यांचे स्वरूप होते. शब्द, स्वर आणि चेहरा एकमेकांशी विसंगत असतील तेव्हा माणूस कशावर विसंबतो, एवढेच त्यातून कळते. प्रत्येक संभाषणाचा ५५ टक्के अर्थ चेहऱ्यात असतो असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि या धाग्यातल्या आजोबांना तर चेहराच धूसर दिसतो आहे.

मी वाचा आणि श्रवण उपचारतज्ज्ञ आहे. ताईंनी वर्णन केलेल्या प्रसंगात मला सर्वात आधी नजरेचा प्रश्न दिसतो, पण तो आपुलकीचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. खिडकीमागून आलेला आवाज नेमका कोणासाठी आहे, हे आपण बोलणाऱ्याच्या नजरेवरून ठरवतो. रांगेत दहा माणसे उभी आहेत, आत दोन-तीन कर्मचारी आपसांत बोलत आहेत, काचेमागून "नाव?" असा एक आवाज येतो आणि बोलणारीचे डोळे संगणकावर आहेत. अशा वेळी हा प्रश्न आपल्यालाच आहे हे समजायला चांगली दृष्टी असणाऱ्यालाही क्षणभर लागतो. आजोबांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

दुसरीकडे मुलीच्या बाजूने पाहू या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, याची मोजणी दहा भाषांमध्ये करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी अंतर सेकंदाच्या साधारण पाचव्या भागाएवढे आढळले. त्या दहांत भारतीय भाषा एकही नव्हती, परंतु भाषाभाषांतला फरक इतका थोडा होता की मराठीत फार निराळे घडत असेल असे मला वाटत नाही. आपल्या कानांना या झटपट उत्तराची इतकी सवय असते की एक संपूर्ण सेकंद शांतता पसरली तरी समोरचा उत्तर टाळतो आहे असे वाटू लागते. आजोबांना दीड ते दोन सेकंद हवे असतात आणि मुलगी एका सेकंदातच प्रश्न पुन्हा विचारते. दुसऱ्यांदा विचारताना आवाज चढतो, तो चढताना पट्टीही वर जाते, आणि चढलेली पट्टी रागासारखी ऐकू येते. तिला राग आलेला नसतो, तरी आजोबांच्या कानावर पडणारे तिचे पहिले स्पष्ट वाक्य तेच असते, कारण आधीचा "नमस्कार" आपल्यासाठी होता हे त्यांना कळलेलेच नसते.

म्हणून माझा क्रम असा राहील: आधी नजर, मग आवाज, मग थांबणे. स्मिताचे नंतर पाहू.

वेदांत_पुणे

अतिशय उपयुक्त चर्चा आहे. माझ्या धाकट्या बहिणीची पुढच्या आठवड्यात दूरस्थ मुलाखत आहे. ती पडद्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहते, त्यामुळे समोरच्याला मात्र ती खाली पाहत असल्यासारखी दिसते. तिने नजर कोठे ठेवावी आणि नमस्कार करावा की नुसती मान लववावी, याबद्दल मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.

श्रवणा

वेदांत, संभाषणाची खिडकी लहान करून पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणून ठेवायला सांगा. म्हणजे चेहऱ्याकडे पाहताना नजर जवळजवळ कॅमेऱ्याकडेच राहते. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढलात तर तेथे सविस्तर लिहीन, कारण येथे प्रश्न ज्यांना पडदाच दिसत नाही अशांचा आहे.

लेक बीडची

माझे वडील अशाच एका रुग्णालयात दर काही महिन्यांनी जातात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागी दोष आहे. त्यामुळे ज्याच्याकडे थेट पाहावे तोच भाग त्यांना पुसल्यासारखा दिसतो आणि माणसाचा चेहरा पाहायचा तर त्यांना किंचित बाजूला, त्याच्या खांद्याकडे किंवा कानाकडे पाहावे लागते. एकदा खिडकीवरच्या बाईंनी त्यांना दरडावले, "अहो, इकडे बघून बोला!" ते तिच्याकडेच बघत होते. त्या दिवसापासून ते खिडकीशी गेले की मान खाली घालून मलाच पुढे करतात. एके काळी भर बाजारात भाव पाडून घेणारा माणूस आता स्वतःचे नाव सांगायला कचरतो, याचे मला फार वाईट वाटते.

नजरेला नजर भिडलीच पाहिजे अशी सक्ती कर्मचाऱ्यांना शिकवली जात असेल, तर नेत्र रुग्णालयात तरी ती शिकवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दृष्टिमापक

बीडच्या ताईंनी लिहिलेले अगदी अचूक आहे. पडद्याचा मधला भाग गेलेले रुग्ण कडेच्या शाबूत भागाने पाहायला शिकतात आणि त्यामुळे त्यांची नजर आपल्या शेजारून गेल्यासारखी भासते. काचबिंदूच्या वाढलेल्या अवस्थेत बरोबर उलटे असते. अशा रुग्णाला समोरचे दिसते पण कडेचे दिसत नाही, म्हणून बाजूने येऊन केलेला नमस्कार त्याच्या लक्षातच येत नाही आणि कर्मचाऱ्याला वाटते की या गृहस्थांना गुर्मी आहे.

मी अशाच एका रुग्णालयात दृष्टी तपासतो, त्यामुळे धागाकर्त्या ताईंना एक प्रश्न विचारतो. आपल्या नोंदणीच्या मुलींच्या पाठीमागे खिडकी आहे का, आणि सकाळचे ऊन तिच्यातून आत येते का? मोतीबिंदूमध्ये डोळ्यातील भिंग गढूळ झालेले असते आणि त्यातून शिरणारा प्रकाश आत विखुरतो. चेहऱ्यामागे उजेड असेल तर चेहऱ्याची नुसती काळी आकृती उरते. मुलगी कितीही सुंदर हसली तरी त्या आजोबांपर्यंत ते हसू पोहोचत नाही.

याची तपासणी सोपी आहे. मुलीला तिच्या जागी बसवा, आपण रुग्णाच्या जागी उभे राहा आणि काचेतून मोबाइलने तिचे छायाचित्र काढा. त्यात चेहरा काळवंडलेला आला, किंवा काचेवर बाहेरच्या अंगणाचे प्रतिबिंब दिसले, तर मोतीबिंदूच्या रुग्णाला त्याहूनही वाईट दिसते असे समजा.

आणखी एक गोष्ट सर्व कर्मचाऱ्यांना माहीत असावी. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकल्यावर साधारण चार ते सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे धूसर दिसते. हे रुग्ण पुढची तारीख घेण्यासाठी परत त्याच खिडकीवर येतात तेव्हा त्यांचे डोळे बारीक झालेले आणि कपाळ आक्रसलेले असते. पाहणाऱ्याला तो चेहरा चिडलेला वाटतो, मग मुलीचा चेहराही नकळत ताठर होतो आणि दोघांमध्ये उगाच कटुता येते. प्रत्यक्षात त्या रुग्णाच्या डोळ्यांवर फक्त उजेड येत असतो.

खिडकीपलीकडे (धागाकर्ती)

दृष्टिमापक, आपण आमची खोली पाहिलेली असावी असेच वाटले. मुलींच्या पाठीशी पूर्वेची मोठी खिडकी आहे. आज सकाळी नऊच्या सुमारास छायाचित्र काढून पाहिले. मुलीच्या केसांच्या कडा तेवढ्या उजळलेल्या दिसतात, डोळे आणि तोंड मुळीच दिसत नाही. एवढे दिवस आम्ही त्यांना हसायला सांगत होतो.

श्रवणाताई, आपण स्मिताबद्दल नंतर सांगते म्हणालात. हसू दिसतच नसेल तर ते सोडून द्यावे का?

श्रवणा

सोडून देऊ नये, कारण हसू ऐकू येते. हसताना ओठांचे कोपरे मागे ताणले जातात, त्यामुळे घशापासून ओठांपर्यंतची आवाजाची नळी किंचित आखूड होते आणि तिच्यात घुमणारे स्वर वर सरकतात. व्हिव्हियन टार्टर यांनी १९८० साली हसत आणि न हसता म्हटलेली उच्चारणे फक्त ध्वनिमुद्रणावरून ऐकवली, तेव्हा हसत म्हटलेली कोणती हे श्रोत्यांना बऱ्याच प्रमाणात ओळखता आले होते. म्हणजे आजोबांना चेहरा दिसला नाही तरी स्मिताचा काही भाग आवाजातून पोहोचतो. त्यासाठी अट एकच आहे की स्मित शब्दाच्या आधी सुरू झालेले असावे. "नमस्कार" म्हणून झाल्यावर ओठ ताणले तर त्या शब्दात काहीच उतरत नाही.

आता गती आणि पट्टी. वयानुसार ऐकणे कमी होते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांतली सुस्कार किंवा हवेची झुळूक कानाला कळेनाशी होते आणि स्वर तेवढे ऐकू येत राहतात. मधली काच तेच ध्वनी आणखी बोथट करते. ओरडल्याने स्वर मोठे होतात, पण व्यंजने त्या प्रमाणात मोठी होत नाहीत. म्हणून आजोबांना "ओरडली" हे कळते, "काय म्हणाली" हे कळत नाही. आवाज किंचित खालच्या पट्टीत ठेवून, शब्द तोडून न टाकता, वाक्यावाक्यात अंतर ठेवून बोलले तर त्याच माणसाला पुष्कळ जास्त समजते. दिवसभरात शेकडो वेळा म्हटलेला "नमस्कार" आखडत जातो, त्यातला "का" आखूड होतो आणि शेवटचा "र" पुढच्या शब्दात मिसळतो. मुलींना एकच सांगा की "का" पुरता लांबवावा आणि "र" नंतर आवाज खाली येऊन थांबावा. त्या थांबण्याने नमस्कार पूर्ण झाल्याचे कळते आणि समोरच्याला हात जोडायला जागा मिळते.

एसटी खिडकी

मी आरक्षणाच्या खिडकीवर काम करतो आणि या चर्चेतली एक बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो आहे. प्रत्येकासमोर मान वर करा, हसा, थांबा, उत्तराची वाट पाहा, हे सांगणे सोपे आहे. मागे रांग ओरडत असते, संगणक अडकलेला असतो आणि घरून निघताना मूल तापाने फणफणलेले असते. अशा वेळी चेहऱ्यावर आणलेले हसू दुपारपर्यंत जबड्यात दुखू लागते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या अभ्यासातून हेच मांडले की नोकरीचा भाग म्हणून भावना दाखवत राहणे हे स्वतंत्र श्रम आहेत आणि त्यांची माणसाला किंमत मोजावी लागते. तक्रारवहीतल्या नोंदींवरून मुलींना हसण्याची सक्ती होऊ नये, एवढे माझे म्हणणे आहे.

श्रवणा

आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि म्हणूनच मी स्मित शेवटी ठेवले. मान वर करणे आणि क्षणभर थांबणे या हालचाली आहेत. त्या थकलेल्या माणसालाही करता येतात आणि त्यांत खोटेपणा येत नाही. समोरच्याने उत्तरादाखल हात जोडले की पुष्कळदा हसू स्वतःहून येते. नाही आले तरी स्वागत पुरे झालेले असते. शिवाय झटकन उमटून झटकन मावळणारे हसू पाहणाऱ्याला खोटे वाटते आणि सावकाश उमलणारे खरे वाटते, असे प्रयोगांत आढळले आहे. सक्तीचे हसू नेमके पहिल्या प्रकारचे असते.

वेळेच्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. थांबण्यात एक-दोन सेकंद जातात हे खरे, परंतु प्रश्न पुन्हा विचारणे, तो मुलाला समजावणे आणि मुलाकडून आलेले चुकीचे वय नंतर दुरुस्त करणे यांत त्याहून बराच अधिक वेळ जातो.

एसटी खिडकी

आपल्या रुग्णालयात तसे होत असेल. आमच्याकडे उत्तर सहसा लगेच येते, त्यामुळे थांबण्याने वाचणारा वेळ आम्हाला दिसत नाही. या बाबतीत माझे समाधान झालेले नाही.

जुना रोखपाल, सोलापूर

टक्केवारीचा खुलासा वाचला आणि तो पटला. तरीही हसतमुखपणाची शिकवण मला पूर्णपणे सोडवत नाही, कारण ग्राहकाला काही अंतरावरूनच कळायला हवे की आपण त्याला पाहिले आहे. तो खिडकीशी पोहोचेपर्यंत थांबलो तर फार उशीर झालेला असतो.

श्रवणा

काका, हा मुद्दा फार मोलाचा आहे. अ‍ॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका वाढदिवसाच्या समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांचे चित्रीकरण बारकाईने तपासले होते. त्यांना असे दिसले की स्वागत दोन वेळा होते. पहिले लांबून, म्हणजे नजर, मान हलवणे, हात वर करणे, हसणे. मग जवळ येताना माणसे बहुधा नजर दुसरीकडे वळवतात. अगदी जवळ आल्यावर नजर पुन्हा जुळते आणि दुसरे, शब्दांचे स्वागत होते. मधल्या टप्प्यात नजर काढून घेणे हा अपमान नसतो, उलट सगळी वाट टक लावून पाहत राहिले तर येणाऱ्याला अवघडल्यासारखे होते.

आमच्याकडच्या एका नोंदणी सहायिकेबरोबर आम्ही हेच बसवले. एक प्रसंग जसाच्या तसा लिहिते. काठी टेकत येणाऱ्या आजी रांगेतून सुटून चार-पाच पावलांवर आल्या. सहायिकेने कळफलकावरून हात उचलले, चेहरा वर केला आणि मान स्पष्टपणे लववली, बोलली मात्र काहीच नाही. आजींनी पायरी पाहण्यासाठी खाली पाहिले, तेवढ्यात तिने आधीची नोंद जतन केली. आजी कट्ट्याला हात लावून स्थिरावल्या, तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहून म्हटले, "नमस्कार, आजी." आणि थांबली. आजींनी काठी काखेत धरून हात जोडले, त्यात दोन सेकंद गेले. मग तिने विचारले, "तुमचं नाव सांगता का?" नाव मिळाल्यावर ती म्हणाली, "मी लिहून घेते हं," आणि मगच डोळे संगणकाकडे वळवले. हे शेवटचे छोटे वाक्य फार कामाचे आहे. त्यामुळे नजर काढून घेण्याचे कारण समोरच्याला कळते, आणि ज्याला नजर दिसत नाही त्याला पुढच्या शांततेचा अर्थ कळतो. आजींसोबत नात होती. उत्तर नातीकडून आले तरी सहायिकेचा चेहरा आजींकडेच राहिला, आणि तिसऱ्या प्रश्नापासून आजी स्वतः बोलू लागल्या.

दृष्टिमापक

यात एकच भर घालतो. लांबून मान लववण्यापेक्षा हात जोडलेले मोतीबिंदूच्या रुग्णाला लवकर दिसतात, कारण ती मोठी हालचाल आहे. पण पांढऱ्या कोटासमोर फिकट रंगाचे हातमोजे घालून जोडलेले हात दिसत नाहीत. गणवेश गडद असेल तर उघडे हात उठून दिसतात.

लेक बीडची

प्रत्येक रुग्णाकडे हसून पाहावे असे मात्र समजू नये. मागे शेतात काम करताना काडी लागून डोळा लाल झालेल्या एका माणसाला आमच्या शेजारीच उभे केले होते. डोळ्यावर हात दाबून तो कळवळत होता आणि खिडकीवरची मुलगी शिकवल्याप्रमाणे प्रसन्न हसत "नमस्कार, बोला" म्हणाली. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

दृष्टिमापक

अगदी खरे आहे. दुखापत, अचानक दिसेनासे होणे किंवा डोळ्यासोबत डोके दुखून उलटी होणे, अशा रुग्णाला पाहताच हसू आवरावे, आवाज खाली आणावा आणि पहिलेच वाक्य कामाचे असावे: "कधी लागलं?" तेथे दोन सेकंद थांबू नये. आमच्याकडे असा रुग्ण दिसला की खिडकीवरून थेट सिस्टरना हाक मारतात आणि केसपेपर नंतर काढतात.

खिडकीपलीकडे (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पूर्वेच्या खिडकीला तात्पुरती जाड चादर लावली आहे आणि मुलींच्या समोर, थोडा वरच्या बाजूला एक दिवा बसवला आहे. आता छायाचित्रात चेहरा ओळखू येतो, पण काचेवर दिव्याचा पांढरा डाग पडतो. मान वर करणे, नमस्कारानंतर थांबणे आणि "लिहून घेते हं" म्हणणे, एवढ्या तीन गोष्टी मुलींना सांगितल्या आहेत. थांबणे सर्वात अवघड जाते आहे. एक मुलगी म्हणाली की त्या शांततेत तिला स्वतःलाच संकोच वाटतो. तिला मी आजोबांचे हात कट्ट्यावर कोठे आहेत ते पाहायला सांगितले आहे. हात स्थिर झाले नसतील तर माणूस अजून पोहोचलेला नाही असे समजायचे. त्यामुळे थांबताना तिच्याकडे करण्यासारखे काहीतरी असते.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. विश्वस्तांना "प्रत्येक रुग्णाचे हसून स्वागत" हे कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनात घालायचे आहे. एसटी खिडकी यांचे म्हणणे मी त्यांच्यापुढे मांडणार आहे, परंतु त्याऐवजी काय मोजावे हे मला नेमके सांगता येत नाही. दुसरे असे की आमचा नोंदणीचा मुलगा सांगतो, तरुण स्त्रिया पदर पुढे ओढून खाली पाहतात आणि त्यांच्याकडे थेट पाहिले की सोबतचे पुरुष अस्वस्थ होतात. त्याने नजर कोठे ठेवावी?

लेक बीडची

त्याने नमस्काराच्या शब्दापुरते त्यांच्या चेहऱ्याच्या दिशेने पाहावे आणि नंतर नजर कट्ट्यावरच्या जुन्या केसपेपरवर किंवा आधार कार्डावर आणावी, मात्र चेहरा त्यांच्याकडेच वळलेला ठेवावा. "ताई" म्हणून हाक मारली तर प्रश्न त्यांनाच आहे हे कळते आणि नजरेचे अर्धे काम त्या हाकेने होते. माझ्या वडिलांनाही हाकेमुळेच कळते.

श्रवणा

मलाही हे पटते. नजर दिसत नसेल किंवा रोखणे योग्य नसेल तेथे आधी हाक आणि मग प्रश्न हाच क्रम ठेवावा. "नाव सांगा, ताई" असे म्हटले तर हाक येईपर्यंत प्रश्न निसटून गेलेला असतो.

मूल्यमापनाबद्दल माझ्याकडे पक्के उत्तर नाही. प्रश्न किती वेळा पुन्हा विचारावा लागला, हे बाजूला बसून मोजता येईल. हसण्यापेक्षा ते मोजणे न्याय्य ठरेल असे मला वाटते.

एसटी खिडकी

बहिऱ्या रुग्णांची रांग ज्या मुलीच्या वाट्याला येईल तिचे आकडे वाईट दिसतील. मोजणारच असाल तर खिडकीचे मोजा, मुलीचे मोजू नका.

दृष्टिमापक

काचेवरच्या डागासाठी दिवा समोरून काढून दोन्ही बाजूंना तिरका लावून पाहा, आणि चादरीच्या जागी चमक नसलेला, मध्यम गडद रंगाचा पडदा घ्या. बोलण्याच्या भोकाची उंचीही एकदा तपासा. ते मुलीच्या तोंडासमोर नसेल तर ती बोलण्यासाठी मान वाकवते आणि चेहरा पुन्हा अंधारात जातो.